काकांच्या नावापुढे दोन

ऑफिसात काकांना काका न म्हणणारा माणूस सापडला नसता. त्यांच्याहून वयाने मोठा असलेला अकाउंटंटही त्यांना काकाच म्हणायचा, आणि काकांना त्यात काही वावगं वाटत नसे. नव्या माणसाला लॅपटॉप मिळाला की नाही, कोणाची आई आजारी आहे, कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे सगळं काकांना ठाऊक असायचं. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून त्यांना ठाऊक असायला हव्या होत्या त्या गोष्टीही ठाऊक असायच्या. फक्त त्या ते नको त्या माणसाला सांगायचे, आणि हव्या त्या माणसाला सांगायची वेळ आली की त्यांची बोबडी वळायची.

धाकटीला हे बारा वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. ती नोकरीला लागली तेव्हा काकांच्या टीममध्ये सगळ्यांत लहान, म्हणून काकांनीच तिला धाकटी हे नाव ठेवलं. आता ती डिलिव्हरी हेड झाली होती, सगळे प्रोजेक्ट मॅनेजर तिच्या हाताखाली होते, आणि तरी मीटिंगमध्ये कोणीतरी पटकन धाकटी म्हणून जायचं. वर्षभराचं मूल्यमापन करायची वेळ आली आणि यादीत काकांचं नाव बघून तिला वाटलं, हे नाव आपल्या वाटणीला यायला नको होतं.

कारण काकांना मागच्या वर्षी दोन मिळाला होता. पाचपैकी दोन म्हणजे सुधारणा हवी. त्याच वर्षी काकूंच्या किडन्या गेल्या, काका निम्मं वर्ष हॉस्पिटलात होते, आणि तेव्हाच्या साहेबांनी ते काही मनावर घेतलं नव्हतं. कंपनीचा नियम सरळ होता, सलग दोन वर्षं दोन आला की निरोप. आणि काकूंचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालू होतं. नोकरी गेली की विमा गेला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवी नोकरी कोण देणार आणि आधीच आजारी असलेल्या काकूंना नवा विमा कोण देणार, हे धाकटीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

यंदाचा काकांचा प्रोजेक्ट होता औषधांच्या एका मोठ्या गोदामाचा. कुठलं औषध कुठल्या मांडणीवर आहे, कधी मुदत संपते, हे सगळं सॉफ्टवेअरने सांगायचं. प्रोजेक्ट अडीच महिने लांबला. लांबणं एक वेळ चाललं असतं, प्रोजेक्ट लांबतातच. पण गोदामाच्या मालकांना ते लांबल्याचं सॉफ्टवेअर सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात कळलं. तोवर दर शुक्रवारी जाणाऱ्या अहवालात काकांचा रंग हिरवा होता, म्हणजे सगळं वेळेवर. मालकांनी अभिप्रायात लिहिलं होतं, माणूस सज्जन आहे, पण त्याच्या शब्दावर आम्ही पुन्हा तारीख ठरवणार नाही.

धाकटीने दार लावून घेतलं आणि सगळे मेल, सगळे अहवाल घेऊन बसली. मूल्यमापन म्हणजे रागलोभ काढायची जागा नाही, हे तिला काकांनीच शिकवलं होतं. उशीर झाला तर उशिराचे तुकडे करायचे. कुठला तुकडा मॅनेजरच्या हातात होता, कुठला नव्हता, हे वेगळं करायचं आणि जो हातात होता त्याचाच जाब विचारायचा.

एक तुकडा तर स्पष्टच काकांचा होता. गोदामातली माणसं त्यांना काही ना काही सांगत राहिली. परत आलेल्या औषधांना वेगळी मांडणी हवी. थंड खोलीचं तापमान चढलं तर घंटा वाजायला हवी. काका मान डोलवत राहिले. खरं म्हणजे प्रत्येक बदलाची लेखी मागणी घ्यायची, त्याने किती दिवस आणि किती खर्च वाढतो ते मालकांपुढे ठेवायचं, त्यांची सही आली की तारीख पुढे न्यायची. सही नाही तर बदल नाही. काकांनी एकाही बदलाची सही घेतली नव्हती. टीमला रविवारी बोलावून, स्वतः बसून, ते सगळं करून देत गेले आणि तारीख तिथेच ठेवली.

बदल हाताळणे, दोन. संबंधितांशी संवाद, दोन. राहिला प्रश्न तिसऱ्या रकान्याचा, कामाच्या पूर्ततेचा. त्याचं वजन निम्म्याहून जास्त. तिथे तीन बसला तर बेरीज तीनकडे झुकत होती आणि काका वाचत होते.

आणि तिथे तिला वाट सापडली. गोदामातला जुना साठ्याचा डेटा ठरलेल्या तारखेच्या पाच आठवडे उशिरा आला होता. मेल होता. डेटा आल्याशिवाय तपासणी सुरू होणार नव्हती. अडीच महिन्यांतला निम्मा उशीर गिऱ्हाइकाचा. तिने तसं लिहिलं, पूर्ततेला तीन दिला आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी समोरासमोर बसून काकांना फॉर्म दाखवायचा होता. काकांनी चष्मा चढवला आणि सावकाश वाचलं. दोन्ही दोनांवर त्यांनी नुसती मान हलवली. पूर्ततेच्या रकान्यावर मात्र त्यांचं बोट थांबलं. हे चुकलंय, ते म्हणाले. डेटा उशिरा आला हे खरं, पण गोदामात साठा सांभाळणाऱ्या ताईंनी तो वेळेवर तयार ठेवला होता. काकांनीच त्यांना फोन करून थांबवलं होतं, कारण परतीच्या औषधांची मांडणी वाढवल्यावर डेटाचे रकाने बदलणार होते.

मेल कुठे आहे याचा, असं धाकटीने विचारलं. मेल नव्हता. सगळं फोनवर. काकांचं सगळंच फोनवर आणि चहावर.

धाकटीने आवाज खाली आणून त्यांना समजावलं. ऑफिसात हे त्या दोघांशिवाय कोणाला माहीत नाही. कागदावर उशीर गिऱ्हाइकाचाच आहे. ती काही खोटं रचत नव्हती, जे लेखी आहे तेच लिहीत होती.

"आणि समारोपाच्या अहवालात काय लिहिशील?" काकांनी विचारलं.

ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. उशिराची कारणं मूल्यमापनात आणि प्रोजेक्टच्या अहवालात सारखी लागतात. हेच वाक्य समारोपाच्या अहवालात जाणार होतं, आणि तो अहवाल मालकांच्या टेबलावर. मालक सुरुवातीपासून कोणाच्या तरी माथी खापर फोडायला टपलेले होते, आणि साठ्याच्या ताई कंत्राटावर होत्या.

"त्यांना सांभाळायला त्यांची माणसं आहेत," धाकटी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "तुम्ही काकूंचा विचार करा."

"तिचाच करतोय रात्रंदिवस. पण ही बाई माझ्या शब्दावर थांबली, धाकटे. आता तिला कसं पुढे करू?"

धाकटीला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की तिने फॉर्म टेबलावर आपटला. आयुष्यभर या माणसाने हेच केलं होतं. दुसऱ्याचं ओझं उचलायचं, कोणाला सांगायचं नाही, आणि शेवटी त्याखाली स्वतः चेपून जायचं. हेच तर तिने दोन रकान्यांत लिहिलं होतं, सभ्य भाषेत. आणि तिसऱ्या रकान्यात तोच स्वभाव गुण होऊन समोर बसला होता, तर त्याला द्यायला फॉर्मात आकडाच नव्हता. तिने त्यांना तसं सुनावलंही. काका ऐकत राहिले. तुझं बरोबर आहे, एवढंच म्हणाले, आणि ती आणखीच चिडली, कारण ते मनापासून म्हणत होते.

तिने दुरुस्ती केली. पूर्तता, दोन.

मग सगळ्या मॅनेजरांचे आकडे एकत्र ठेवून बघायची मीटिंग झाली. मोठे साहेब होते, एचआरच्या बाई होत्या. धाकटी जीव तोडून भांडली. फॉर्ममधली दुरुस्ती काकांनी स्वतःहून, स्वतःच्या तोट्याची करायला लावली, हे तिने सांगितलं. काकूंच्या आजाराचंही सांगितलं. निदान सहा महिन्यांची सुधारणेची मुदत द्या, असं म्हणता म्हणता ती जवळजवळ पाया पडायला आली. मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं की उद्या नवा प्रोजेक्ट आला तर तू स्वतः तो काकांच्या हाती देशील का.

हो म्हणायला तिने तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांपुढे शुक्रवारचे हिरवे अहवाल उभे राहिले, एकामागून एक. मोठे साहेब थोडा वेळ थांबले आणि पुढच्या नावाकडे वळले. एचआरच्या बाईंनी हळूच सांगितलं, विमा तीन महिने चालेल, त्यापुढे काही करता येत नाही.

काकांना तिने जिन्यात गाठून सांगितलं. फिरवून सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तसंच सांगितलं. काका कठड्याला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. मग त्यांनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे काही मागितलं.

"घरी येतेस का माझ्याबरोबर? मला एकट्याला नाही सांगता येणार."

सिग्नलला गाडी थांबली की काका खिडकीबाहेर बघत आणि ओठ हलवत. वाक्य जुळवत होते बिचारे. धाकटीला ते लक्षात आलं आणि तिला रडू फुटायला आलं, पण गाडी तीच चालवत होती.

दार काकूंनी उघडलं. हाताला सकाळच्या सुयांची पट्टी तशीच होती. दारात धाकटीला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई, तू आलीस म्हणजे झालं वाटतं. हे रोज सांगतात, यंदा बढती नक्की आहे, धाकटीच्याच हातात आहे म्हणून."

धाकटीने काकांकडे पाहिलं. काकांची मान खाली होती. एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, चांगलं, सौम्य, सगळ्यांना सांभाळून घेणारं. काकांसाठी ती ते बोलून टाकणार होती. पण तिने ते गिळलं आणि नुसता काकूंचा हात धरला.

शेजारचं दार उघडलं, बंद झालं. काकूंचं हसू हळूहळू उतरत गेलं आणि त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"नोकरी गेली गं," काका म्हणाले. "मला सहा महिन्यांपासून माहीत होतं जाणार म्हणून."