वीस रुपयांचा आकार आणि अप्पांचे टाके

खरा आकडा सांगून तुम्ही कधी आजारी माणसाला अंथरुणातून उठवलंय का? मी उठवलंय. आकडा बरोबर होता की नव्हता, याबद्दल माझ्या मनात आजही गोंधळ आहे, आणि तो निस्तरावा म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

मी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवतो. आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापतात, उसाच्या पावत्या छापतात आणि कामगारांची पत्रकं छापतात. मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. ‘पिळवणूक’ हा शब्द मला ‘पोळी’च्या आधी लिहिता येत होता, असं अव्वा, माझी आई, म्हणते, आणि त्यात फार अतिशयोक्ती नाही.

माझे वडील, अप्पा, अक्कलकोट रोडच्या एका शेडमध्ये यंत्रमागावर टॉवेल विणतात. एका दुपारी सुताचा भरलेला बीम, म्हणजे मणभराचा रूळ, मागावर चढवताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. जांघेतला हर्निया कित्येक वर्षं होता, त्या दिवशी तो अडकला. शेडमधल्या दोघांनी त्यांना टांग्यात घालून सगळ्यात जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. सरकारी दवाखान्यात का नेलं नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. अडकलेल्या आतड्याला अंतर कळतं, फी कळत नाही.

ऑपरेशन झालं. दहाव्या दिवशी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तीन महिने बीमला हात लावायचा नाही, टाके आतून भरायला वेळ लागतो. दुसरी, बिल काउंटरवर बघा.

बिल साडेपाचशे. अव्वाच्या डब्यातले आणि शेजारून आणलेले मिळून दीडशे भरले. चारशे राहिले. काउंटरवरचे कॅशियर चष्मा कपाळावर ठेवून बोलत.

“हे बघ, घाबरायचं काही नाही. वीस आठवडे, दर शनिवारी वीस रुपये. व्याज एक पैसा नाही. फक्त प्रोसेसिंग चार्ज वीस रुपये, तो आत्ता.”

“तो कशाचा, साहेब?”

“कागदाचा. कार्ड करायचं, वहीत नाव घालायचं, दर शनिवारी तुझं तोंड बघायचं.”

मी हसलो. वीस रुपये दिले. पिवळं कार्ड मिळालं, त्यावर वीस चौकोन. अप्पा उभं राहायला अव्वाच्या खांद्याचा आधार घेत होते, आणि त्या वेळी मला ते कॅशियर देवमाणूस वाटले.

घरचा हिशोब बसत होता. छापखान्यात मला आठवड्याला पंचवीस मिळत, त्यातले वीस कार्डाला. अव्वाच्या विड्यांवर चूल. अप्पांच्या मागावर बदली माणूस उभा होता, आणि शेडमालकाने तीन महिने जागा राखायचं कबूल केलं होतं. म्हणजे सगळं फक्त एका गोष्टीवर टिकलं होतं : अप्पांनी तीन महिने घरात बसणं. आयुष्यात पहिल्यांदाच ते दिवसा घरी होते. विड्यांची पानं कापून द्यायचे. अव्वा म्हणायची, “अवो, पान कापताय का चादर? केवडं मोटं कापलंय की!” ते कात्री खाली ठेवायचे आणि दोन मिनिटांनी परत उचलायचे.

चार चौकोन भरले. पाचव्या आठवड्यात छापखान्यात पतपेढीच्या वार्षिक सभेची पत्रिका आली. तीत कर्जाचा दर लिहिला होता, आणि तो जुळवता जुळवता मला आमचा वीस रुपयांचा आकार, तो प्रोसेसिंग चार्ज, आठवला. चारशेवर वीस म्हणजे शेकडा पाच. बरं आहे की, म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत प्रुफाच्या कागदामागे पुन्हा मांडलं. पाच टक्के खरे, पण ते वीस आठवड्यांचे. वर्षाचे आठवडे बावन्न. म्हणजे वर्षाला तेरा. हे काही बरोबर नाही, म्हणून कागद खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी कागद परत काढला. चारशे रुपये आमच्याकडे वीस आठवडे होतेच कुठं? पहिला आठवडा चारशे, दुसरा तीनशे ऐंशी, तिसरा तीनशे साठ, आणि विसाव्या आठवड्यात फक्त वीस. मी सगळ्या आठवड्यांची बेरीज केली : चार हजार दोनशे. म्हणजे एक रुपया एक आठवडा वापरायला मिळतो असं धरलं, तर आम्हाला असे चार हजार दोनशे वापर मिळत होते, आणि त्यांची किंमत वीस रुपये. बावन्नने भागलं तर वर्षभर जवळजवळ एक्क्याऐंशी रुपये वापरल्यासारखं. एक्क्याऐंशीवर वीस! वर्षाला शेकडा पंचवीसच्या आसपास. आणि वीस रुपये आधीच काढून घेतले हे धरलं तर त्याहून थोडं वर.

दोन दिवसांत तीन उत्तरं, पाच, तेरा, पंचवीस. आमच्या गल्लीतला सावकार महिन्याला शेकडा दोन घेतो, म्हणजे वर्षाला चोवीस. ज्याच्याविरुद्ध मी चार पत्रकं जुळवली होती, तो या देवमाणसापेक्षा स्वस्त निघाला.

माझं डोकं पेटलं. सुट्टीत मी एक लहान पत्रक जुळवलं आणि दहा प्रती काढल्या. वर मोठ्या टाइपात मथळा : ‘बिनव्याजी हप्त्याचं व्याज शेकडा पंचवीस!’ ‘वर्षाला’ हा शब्द मी आधी घातला होता. ओळीत बसेना, म्हणून काढला. खाली हिशोबात तो येतोच, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी घरी ते मोठ्यानं वाचलं. आमच्या घरात बोलणं कन्नडमध्ये होतं, पण पैशाचं बोलणं मराठीत. अव्वा म्हणाली, “छान लिवलंय, पर त्यो काउंटरवरचा म्हातारा चिडंल की.” पत्रकाची एक प्रत अप्पांनी घडी घालून कार्डाबरोबर ठेवली. मला वाटलं, अभिमान.

शनिवारी सहावा हप्ता घेऊन गेलो. कॅशियरांनी वही उघडली आणि चष्मा खाली आणला.

“खातं बंद झालं. सकाळी वडील येऊन गेले. तीनशे एकरकमी.”

“तीनशे? कुठनं आणले?”

“ते मी विचारत नाही, बाळ. भरणाऱ्याला मी कधी काही विचारत नाही.”

पत्रक वाचून वाढलेला माणूस हक्क आधी आठवतो. मी म्हणालो, “साहेब, वीस आठवड्यांचं सहा आठवड्यांत फेडलं. मग आकारातला भाग परत द्या.”

“कसला भाग?”

“व्याजाचा.”

“व्याज मी घेतलंय कुठं? व्याज असतं तर राहिलेल्या दिवसांचं सोडलं असतं. हा कागदाचा खर्च. कार्ड सहा चौकोन भरलं काय आणि वीस भरलं काय, कागद तेवढाच.” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “गडबड कशाला केली रे? मी कुठं मागत होतो?”

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी पुन्हा बेरीज केली. चारशे, तीनशे ऐंशी, तीनशे साठ, तीनशे चाळीस, तीनशे वीस, तीनशे. दोन हजार शंभर. बरोबर निम्मी. वीस रुपये तेच, वापर निम्मा. म्हणजे लवकर फेडून आमचा दर पंचवीसचा पन्नास झाला होता. मी तीनदा मोजलं. जितकी घाई, तितकं महाग. सावकाराच्या बाबतीत हे उलटं असतं, तिथं लवकर फेडणारा वाचतो. आम्हाला लहानपणापासून तेवढंच माहीत.

तिथून सायकल मारत शेडवर गेलो. अप्पा मागावर होते. बदली माणूस निघून गेला होता. मागांच्या खडखडाटात कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं.

“अप्पा, पैसे कुठले?”

“मालकाकडनं उचल. याज न्हाय त्येला. आजपास्नं कामावर यायचं, येवडीच अट.”

“पण डॉक्टरांनी…”

“तम्मा, शेकडा पंचवीस लिवलंस की तू! तीनशेवर पंच्याहत्तर रुपये म्हयन्याला. घरात बसून पानं कापू व्हय?”

आमच्या गल्लीत व्याज महिन्यानंच बोलतात. शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन, हे पोरालाही कळतं, वर्ष कुणी उच्चारत नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं. मी त्याच गल्लीत वाढलोय.

“वर्षाला, अप्पा. वर्षाला पंचवीस.”

“मग वर्साला का लिवलं न्हाईस?”

ओळीत बसेना म्हणून, हे मी सांगितलं नाही.

“बरं,” ते म्हणाले, “वर्साला तर वर्साला. लवकर फेडून वाचलं की न्हाय कायतरी?”

शेजारच्या मागावरचा माणूस रिकामा बीम उतरवून भरलेला चढवायला हाक मारत होता. “काय बे, बापलेकाचं भाषण संपलं का?” अप्पांचा हात आधीच लुंगीच्या गाठीखाली, जांघेपाशी दाबलेला होता. खरं उत्तर होतं : काहीच वाचलं नाही, उलट दुप्पट महाग पडलं, आणि तुम्ही घरात बसला असता तर एक पैसासुद्धा वाढला नसता. ते सांगितलं असतं तर उचल परत जाणार होती का? मालकानं बदली परत बोलावला असता का? मला माहीत नव्हतं. मी म्हणालो,

“वाचलं, अप्पा. थोडं वाचलं.”

ते हसले, आणि बीमच्या एका टोकाला जाऊन वाकले. दुसरं टोक मी धरलं. त्या माणसाला बाजूला सारून मीच धरलं, पण एका टोकाचं वजन अप्पांकडं गेलंच.

सव्वा महिन्यानं फुगवटा परत आला, त्याच जागी. डॉक्टर म्हणाले, पुन्हा करावं लागेल, आत्ता पट्टा बांधा. अप्पा पट्टा बांधून कामावर जातात. मालक उचलीचे दर आठवड्याला दहा कापतो, आणि ती फिटेपर्यंत शेड सोडता येत नाही. व्याज मात्र खरंच नाही. याला शेकडा किती म्हणायचं, ते मी अजून काढू शकलेलो नाही. कागद भरून बेरजा केल्यात. त्यात टाक्यांचा रकाना कुठं घालायचा, ते कळत नाही.

पाहुणे आले की अप्पा अजून सांगतात, “पोरानं हिशोब काढला म्हणून सुटलो, न्हाय तर बुडालो असतो.” मी पाणी आणायला आत जातो.

पत्रकाच्या उरलेल्या नऊ प्रती छापखान्यात आहेत. त्या मी वाटल्या नाहीत. दर खोटा आहे असंही नाही, म्हणून जाळल्याही नाहीत. फाडून पुन्हा जुळवायचं ठरवलंय, मथळा लहान टाइपात, ‘वर्षाला’ पहिला शब्द.

तोवर तुम्ही एवढं करा. तुमच्या घरी दवाखान्याचं असं हप्त्याचं कार्ड असेल तर ते घेऊन काउंटरवर जा. विचारा, “मुदतीआधी फेडलं तर आकारातलं किती परत देणार?” उत्तर कार्डाच्या मागे लिहून घ्या, सही घ्या. ‘काही नाही’ असं उत्तर मिळालं, तर घरी या, अंथरुणावरच्या माणसाशेजारी बसा, आणि दर सांगायच्या आधी त्याला हे सांगा : तुम्ही झोपून राहा, झोपल्यानं काही वाढत नाही.