बिबीमावशीच्या चाळीस खोल्या

माझी रोजची वही उघडली की बिबीजान त्यात दर चार पानांआड भेटते. तिथी, देवाला काय नैवेद्य दाखवला, कोणाकडे बारसं, आणि मग एक ओळ : 'आज बिबीमावशी रागावली होती.' किंवा, 'आज बिबीमावशी हसली, म्हणजे सगळ्या खोल्या भरल्या असणार.'

नंदुरबारच्या स्टेशनाजवळ शेठचं चाळीस खोल्यांचं हॉटेल होतं, वीस खाली, वीस माडीवर. आमचे हे तिथे कारकून, आणि आमचं बिऱ्हाड मागच्या अंगणात. बिबीमावशी साफसफाईवाल्या चौघींची मुख्य. उंचीला माझ्या खांद्याएवढी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि केस नेहमी ओढणीत असे घट्ट बांधलेले की जणू तीही झाडून ठेवलेली खोली. नवरा वारल्यावर तिने हॉटेलात झाडू हातात घेतला, त्याला अठरा वर्षं झाली होती. हाताखाली रूपली, दिवली आणि जमना. तिघी तरण्या, भरभर काम करणाऱ्या. मावशी सावकाश.

लढाईच्या आधीचं साल. कापसाचा हंगाम संपत आला होता. सुकलालभाऊ सुरतेच्या मोठ्या हॉटेलात चार वर्षं काढून मॅनेजर म्हणून परत आले. स्वभावाने वाईट नव्हते, पण खिशात घड्याळ आणि हातात कागद. कागदावर लिहिलं होतं : एक खोली, वीस मिनिटं.

मावशीला त्यांनी हिशोब समजावून सांगितला. "चाळीस खोल्या, वीस-वीस मिनिटं, म्हणजे आठशे मिनिटं. सकाळी आठ ते साडेबारा एकीला दोनशे सत्तर मिनिटं मिळतात. तिघींची आठशे दहा. तिघींत काम भागतं, मावशी. चौथी कशाला?"

"आणि चौथी कोण?" मावशीने विचारलं.

सुकलालभाऊंनी मान खाली घातली. "एका खोलीला तुम्हाला पंचेचाळीस मिनिटं लागतात. मी दोन दिवस बघितलं."

शेठने येत्या गुरुवारी निकाल लावायचं ठरवलं. मावशी माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी तुळशीला पाणी घालत होते.

"गजराबहीन, माले हिसाब समजत नही. पण माले धूळ समजस," ती म्हणाली. "खाट झाडाले कितला येळ लागस, ते घडीले काय माहीत? ती घडी कधी खाटखाले वाकनी का?"

मग तिची नजर माझ्या हातातल्या माळेवर गेली. "तुन्ही माळ मन्ही घडी. तू मोज."

गंमत वाटेल, पण ते जमण्यासारखं होतं. ऑफिसातलं मोठं घड्याळ आमच्या अंगणात ऐकू यायचं. सकाळी नऊचे ठोके पडल्यापासून साडेनऊचा एक ठोका पडेपर्यंत माझ्या रामनामाच्या बरोबर पाच माळा व्हायच्या, कितीतरी वर्षं. म्हणजे एक माळ सहा मिनिटांची. नाहीतरी सकाळचा जप मी करतेच, तो माडीच्या व्हरांड्यात बसून करायचा, एवढंच.

पहिल्या दिवशी मी माळ घेऊन बसले. मावशी एका सुटलेल्या खोलीत, म्हणजे पाहुणा निघून गेलेल्या खोलीत शिरली. आधी खिडकी उघडली. चादरी काढून दाराबाहेर टाकल्या. गादी उभी करून तिच्या शिवणी बोटाने चाचपल्या, कारण ढेकूण तिथेच दडतात. खाटेच्या सांध्यात कढत पाणी. मग वरून खाली : छताचे कोपरे, कोनाडा, खिडकीची चौकट, कंदिलाची काच राखेने पुसलेली. पिकदाणी, माठ. त्यानंतर नवी चादर, आणि सगळ्यात शेवटी फरशी, आतल्या भिंतीपासून दाराकडे झाडत-पुसत, पाऊल न उमटवता मागे मागे येत. मी बघतच राहिले. अशा शिस्तीने तर मी देवघरातसुद्धा वागत नाही.

आणि वागले मात्र बेशिस्त. चौथी माळ सुरू झाली तरी मावशी आत. मला वाईट वाटलं. जीभ आपोआप मंदावली. एकेक 'राम' मी असा लांबवला की चौथ्या माळेतच खोली संपली. वहीत लिहिलं : साडेतीन माळा. म्हणजे एकवीस मिनिटं. असं चार खोल्यांना केलं.

आमच्या ह्यांनी ती वही सुकलालभाऊंना दाखवली. त्यांनी आपलं घड्याळ काढलं, मला नमस्कार केला आणि म्हणाले, "वहिनी, हीच खोली मी खालून मोजली. चव्वेचाळीस मिनिटं. तुमचा जप आज पॅसेंजर गाडीसारखा चालला होता का?"

त्या संध्याकाळी मी देवासमोर बसले आणि माळ हातात धरवेना. कुणाचं भलं करायला म्हणून मी रामाचं नाव ताणलं होतं. मावशीला सांगितलं, तर ती रागवायच्या ऐवजी हसली.

"मन्हासाठी तुन्हा देव बिचारा उभा ऱ्हायना वाट देखत! कसाले? खरं मोज. खरं मोजीसन मी हारनू तर हारनू."

दुसऱ्या दिवशी मी खऱ्या चालीने जप केला, आणि एक गोष्ट अधिक केली : मावशी प्रत्येक वेळी कुठे असते ते लिहिलं. तिला खोलीत पाच माळा लागत होत्या. पण त्याखेरीज अडीच माळा ती जिन्यावर होती! चादरीसाठी खाली, पाण्यासाठी खाली, राख विसरली म्हणून खाली, परत वर.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही साफ कमी करता आणि जिना जास्त चढता."

"म्हनूनच मन्हा गुडघा रडस," ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही दोघींनी एक मोठी टोपली भरली. पाच खोल्यांच्या चादरी तळाशी, वर फडकी, राखेचं डबडं, ब्रश. पाण्याच्या दोन बादल्या एकदाच माडीवर नेऊन ठेवायच्या. त्याच दिवशी मला दुसरंही उमगलं. ज्या खोलीत पाहुणा अजून राहतो आहे, तिला अडीच माळा पुरतात. सामान हलवायचं नाही, गादी उलटायची नाही, अंथरूण नीट करायचं, पाणी बदलायचं, झाडू मारायचा. आणि जी खोली कालपासून रिकामी आहे, तिच्यात तर नुसती धूळ झटकायची, एक माळसुद्धा लागत नाही. सगळ्या खोल्यांना वीसच मिनिटं, हा सुकलालभाऊंचा आकडा कागदावरच चांगला होता.

गुरुवारी शेठ आले. ठरलं असं की तिघी आपल्या वीस मिनिटांच्या खोल्या करतील, मावशी आपल्या, आणि मग तपासणी. सुकलालभाऊंनी पांढरा रुमाल काढला.

तिघींच्या पहिल्या खोलीत चादर ताठ, फरशी लखलखीत. शेठ खूश. सुकलालभाऊंनी गादीचा कोपरा उलटला आणि एक लठ्ठ ढेकूण निवांत चालत निघाला. दुसऱ्या खोलीत कंदिलाची काच काळी. तिसऱ्यात खाटेखाली पानाची पिचकारी तशीच. रूपली म्हणाली, "वीस मिनिटमा कोन खाटखाले जाई?" त्या तीन खोल्या परत करायला दहा-दहा मिनिटं जास्त गेली. मावशी ओढणीत तोंड लपवून हसत होती.

मग तिच्या खोल्या, टोपलीमुळे एकेक पाचच माळांत आटपलेल्या. सुकलालभाऊंनी दारापासून उजवीकडे वळून भिंत धरून पूर्ण फेरी मारली. कोनाडा, खिडकी, शिवणी, पिकदाणी, खाटेखाली वाकून. काही नाही. शेवटी त्यांनी हात उंच करून दाराच्या चौकटीवर रुमाल फिरवला. रुमाल काळा.

मावशीचा चेहरा पडला. पुढच्या खोलीतही काळा. पाचही खोल्यांत काळा. अठरा वर्षांत ती जागा तिने कधी पाहिलीच नव्हती, तिथे तिचा हातच पोचत नव्हता.

"बिबीजान?" शेठने विचारलं.

"शेठ, मी ठेंगनं मानूस," ती म्हणाली. "मन्हा हाथ जठलोंग जास, तठलोंग धूळ नही. त्याना वर अल्ला देखस."

शेठ मोठ्याने हसले. सुकलालभाऊही. आणि हसता हसता त्यांनी माझी वही मागितली. उभ्या उभ्या पेन्सिलीने मांडायला लागले. रोज साधारण वीस खोल्या सुटतात, तीस-तीस मिनिटं. सोळांत पाहुणे असतात, पंधरा-पंधरा. चार रिकाम्या, पाच-पाच. आठशे साठ. तिघींच्या आठशे दहात बसत नाहीत.

"आणि तपासणी?" मावशी म्हणाली. "तुम्ही एकेक खोली देखी ऱ्हायना, त्याले येळ लागस का नही?"

"चाळीस खोल्यांना दोन-दोन मिनिटं," ते लिहीत म्हणाले. "ऐंशी. शिवाय रोज एक खोली पूर्ण उलटून, खाट उन्हात टाकून धुवायची. नव्वद. एक हजार तीस." मान वर केली. "चौघी लागतात, शेठ. मी चुकलो."

"मग तपासणी कोण करणार?" शेठने विचारलं.

सुकलालभाऊंनी रुमालाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. "ढेकूण शोधायला माझ्यापेक्षा यांचे डोळे बरे."

मावशीला वाचता येत नव्हतं, म्हणून तपासणीचा कागद न करता फळा केला. प्रत्येक खोलीच्या ओळीत खिडकी, खाट, कंदील, माठ, पिकदाणी, झाडू अशी चित्रं मीच काढली. माझी पिकदाणी तांब्यासारखी दिसते, असं दिवली आजही म्हणते. चित्रासमोर खडूची रेघ मारायची, जे राहिलं असेल तिथे फुली, आणि फुली असलेली खोली कोणाला द्यायची नाही. आणि एक उंच स्टूल केलं.

त्या स्टुलावर चढून मावशीने पहिली चौकट पुसली, तेव्हा तिघी खाली टाळ्या वाजवत होत्या. खाली उतरताना ती मला म्हणाली, "अठरा साल मी याच दारमायीन ये-जा करस, आनि आज पहिल्यांदा ते मन्हं डोकं देखी ऱ्हायनं."

महिन्याभराने सुकलालभाऊ तपासणी तपासायला निघाले. रुमाल चौकटीवर फिरवला, रुमाल पांढराच. पण बोटाला काहीतरी लागलं, म्हणून स्वतः स्टुलावर चढून बघितलं. चौकटीच्या वरच्या कडेला, जिथे कोणाचीच नजर जात नाही, तिथे चुन्याचा एक छोटा अंगठा उमटलेला होता. पुढच्या दारावरही. चाळीसही दारांवर.

"हे काय, मावशी?"

"मन्ही सही," ती म्हणाली. "तुम्ही उंच ना, तुमलेच दिसी."

त्या दिवशीच्या पानावर मी फक्त एवढंच लिहिलं आहे : 'जप पाच माळा, नऊ ते साडेनऊ. बिबीमावशी हसली.'