हाडाची साखर आणि चांदीचा वर्ख

वाशीमात आमचा मिठाईचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं की लोकांना धुराडं आणि भोंगा आठवतो. आमच्याकडे भट्ट्या, कढया आणि घामाघूम झालेला माझा नवरा, एवढंच आहे. तो कढईपाशी, मी गिऱ्हाइकापाशी, अशी वाटणी आम्ही लग्नानंतर लगेच करून टाकली. त्याचा हात गोड आणि माझं तोंड तिखट. उलटं केलं असतं तर धंदा कधीच बुडाला असता.

आमचा माल पार मानोऱ्याच्या लग्नांपर्यंत जातो. पण बाजारगल्लीतल्या शुद्ध आहार मंडळाच्या वार्षिक पंगतीत आमचा लाडू कधी गेला नव्हता. त्या पंगतीत ज्याची मिठाई वाढली जाते, त्याचं नाव बाजारात वर्षभर घेतलं जातं. मला ती ऑर्डर पाहिजे होती. पैशासाठी नाही, त्या नावासाठी. खरं सांगते, माझा जीव अडकला होता त्यात.

त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष स्वतः पंगतीच्या ऑर्डरचं बोलायला चालत आले. हातात मोबाइल असा उगारलेला, जसा काही चोरच पकडून आणला. सोबत मंडळातल्या सगळ्यात वयस्कर आजी होत्या, हळूहळू पावलं टाकत.

"ताई, साखरेत हाडं टाकतात म्हणे! हा व्हिडिओ पाहा."

"टाकत नाही काकाजी, हाडाच्या कोळशातून गाळतात," मी म्हणलं. "अन् तेही परदेशातल्या काही कारखान्यात. आपल्या इकडे नाही."

"तुमाले काय माहीत?"

मला कसं माहीत नसेल? साखर आणि मी, आमचा रोजचा संसार आहे. मी त्यांना बसवलं आणि समजावून सांगितलं. ढोरांची हाडं साफ करायची, हवा लागू न देता भट्टीत जाळायची, की काळे दाणे होतात. साखरेचा पिवळट पाक त्या दाण्यांतून सोडला की रंग दाण्यांना चिकटतो आणि पाक पांढरा होऊन खाली येतो. हाड साखरेत येत नाही, पण साखर हाडातून येते. म्हणून पुडक्यावर हाडाचं नाव नसतं आणि कडक पाळणारा माणूस विचारतो. त्याचं विचारणं चुकीचं नाही.

"आपल्या इकडच्या कारखान्यात उसाच्या रसात चुना घालतात, गंधकाचा धूर सोडतात. मळी खाली बसते, वरचा रस आटवतात. रिफाइंड साखरेले दुसऱ्या गाळण्या आहेत. हाड कशातच नाही."

अध्यक्षांनी मान हलवली, पण ती विश्वास न बसल्याची. मग मी आमची साखर ज्या कारखान्यातून येते, तिथल्या केमिस्टला फोन लावला आणि आवाज मोठा केला. तो बिचारा आधी खूप हसला. "बाई, आमच्याकडं चुना अन् गंधक ठेवायला जागा पुरत नाही, हाडं कुठं ठेवू?"

आजींनी एक मोठा श्वास सोडला. "पोरी, हा व्हिडिओ पाह्यला तवापासून मी फिक्का चहा पिऊन राह्यली. आता साखर घाल बरं."

मी चहा टाकला. आजींनी फक्त पाणी गाळलेलं आहे का ते विचारलं, फडकं पाहिलं आणि चहा पिऊन टाकला. त्यांचं पाळणं असं होतं, साधं आणि स्वतःपुरतं. मला त्या तिथेच आवडल्या.

अध्यक्षांची चौकशी मात्र आता रंगात आली. पनीर कशानं फाडता? मी म्हणलं, कालच्या पनीरच्या आंबट निवळीनं. वासराच्या पोटातलं दूध फाडणारं रेनेट चीजसाठी वापरतात, अन् तेही सगळ्या चीजमध्ये नाही. गुलाबी बर्फीचा रंग? बीटाचा. किड्यांपासून काढलेला लाल रंगही बाजारात आहे, पण आमच्याकडे नाही. चकचकीत गोळ्यांवरची पॉलिश? ती लाखेची असू शकते, लाखेच्या किड्याची. आपला कायदा लाखेला शाकाहारीत धरतो, हिरवा ठिपका मिळतो तिला. हे ऐकून अध्यक्षांनी खिशातून नातवासाठी घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट काढलं, उलटसुलट पाहिलं आणि गुपचूप परत ठेवलं.

"काजूकतलीवर वर्ख पाह्यजे," ते म्हणाले. "वर्खाशिवाय पंगतीले शोभा नाही."

"जुन्या पद्धतीचा नको काकाजी. ढोराच्या आतड्याच्या नाहीतर कातड्याच्या पानांमधे चांदी ठेवून हातोड्यानं कुटतात तो. आता कायद्यानंही चालत नाही. माझ्याकडे मशीनचा आहे, कागदावरचा."

"बाप्पा! आतडं?" ते एवढे हादरले की त्यांनी पाणी मागितलं. पाणी आलं तर खिशातून औषधाची कॅप्सूल काढली आणि गटकन गिळली.

आता माझं तोंड तिखट आहे हे मी आधीच सांगितलं आहे. "काकाजी, त्या कॅप्सूलचं टरफल बहुतेक जिलेटिनचं असते. ढोराच्या हाडाचं अन् कातड्याचं."

त्यांनी वरून आणखी एक घोट पाणी घेतलं. मग म्हणाले, "औषधाले दोष नसते, ताई."

आजी हसू लपवत पदर नीट करू लागल्या.

सगळं पटलं. साखर पास, पनीर पास, वर्ख पास. अध्यक्ष उठले आणि उठता उठता त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे बुद्धाची तसबीर आहे आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. रोज हार घालतो आम्ही. ते जरा वेळ पाहत राहिले.

"ताई, तुमचं गाव कोणतं?"

"आसेगावकडचं."

"गावात कोणत्या बाजूले घर?"

साखरेचा प्रश्न विचारताना हा माणूस एवढा अवघडला नव्हता. "तुमी जी बाजू समजले ना काकाजी, तीच," मी म्हणलं.

"तसं काही नाही, सहज विचारलं. कळवतो आमी."

कळवलं. ऑर्डर गल्लीतल्या एका आचाऱ्याला दिली होती. साखर त्याचीही त्याच कारखान्याची, त्याच गोडाऊनमधली. पण गंमत पुढे आहे. अध्यक्ष फोनवर म्हणाले, "ताई, तुमचं ज्ञान लय भारी आहे. पंगतीआधी थोडं भाषण द्या. लोकाइले कळलं पाह्यजे."

मी फोन ठेवला आणि रडले. उगाच खोटं कशाला सांगू, रडले. नवरा झाऱ्यानं बुंदी काढत होता. तो म्हणाला, "हात नको, तोंड पाह्यजे त्याइले. जाऊ नको."

मी गेले. काहून गेले? राग आला होता म्हणून. निघताना नवऱ्यानं लाडवांचा डबा हातात दिला. चिडलेला होता तरी. रिकाम्या हातानं कोणाच्या दारी जायचं नाही, ही त्याच्या आईची शिकवण, तो कुठेही मोडत नाही.

मंगल कार्यालय भरलं होतं. मी साखर सांगितली, रेनेट सांगितलं, लाख सांगितली. लोक चुकचुकत होते. शेवटी म्हणलं, "ती हाडं येतात कुठून, हे कोणी विचारलं नाही, तर तेही सांगते. तुमच्या बापजाद्यांचे बैल मेले की माझ्या आजोबांना बोलावणं यायचं. ते ओढून न्यायचे. हाडं वाळवून ठेवली की ठेकेदार येऊन घेऊन जायचा. पुढे त्याचं खत झालं, चिकटवायचा सरस झाला, की कोणाची साखर गाळली, ते आजोबांना माहीत नव्हतं. छप्पन साली धम्म घेतला आणि आजोबांनी ते काम सोडलं. हाडापासून दूर राहायचं असेल, तर आम्ही तुमच्या आधीपासून लांब आहोत."

टाळ्या वाजल्या. अशा वेळी टाळ्या वाजवणं लोकांना फार सोपं जातं. मग शाल आली, नारळ आला आणि मला पाहुणी म्हणून पहिल्या पंगतीत, आजींच्या शेजारी बसवलं.

ताटात काजूकतली आली. मी तिच्याकडे पाहिलं आणि हात थांबला. वर्ख जाडसर, सुरकुतलेला, कडा फाटलेल्या. मशीनचा वर्ख असा एकसारखा, गुळगुळीत बसतो. हा हातकुटीचा होता. आचारी वाढत जवळ आला, तेव्हा विचारलं, "भाऊ, वर्ख कोणता?"

त्याची छाती फुगली. "अस्सल हातकुटीचा, ताई! आपल्या आजापासून तोच वापरतो. त्या मशीनच्या वर्खात जीव नाही."

मला सगळं उमगलं. मला यांनी पनीरपासून पाण्याच्या फडक्यापर्यंत विचारलं होतं. याला कोणी काहीच विचारलं नव्हतं. याचं घर माहीत होतं ना, मग विचारायचं काय?

एक क्षण मनात आलं, खा. खा पोटभर! मी काहून बोलू? माझ्या हाताचा विटाळ, तर माझं तोंड तरी कायले वापरू? तेवढ्यात शेजारी आजींनी कतली उचलली. फिक्का चहा पिणारी बाई ती.

"आजी, ठेवा ते. आतड्यात कुटलेला वर्ख आहे."

आजींनी कतली खाली ठेवली. पंगतभर कुजबुज पसरली. आचारी म्हणाला, "मले कोणी सांगतलं का?" अध्यक्ष म्हणाले, "अरे, तुले सांगायचं असते का!"

आजींनी माझ्या पिशवीतल्या डब्याकडे पाहिलं. "डब्यात काय आहे?"

"लाडू. घरचे."

"दे." त्यांनी लाडू फोडला, अर्धा तोंडात टाकला आणि उरलेला अर्धा संपेपर्यंत मान वर केली नाही. मी डबा अध्यक्षांपुढे धरला. ते म्हणाले, "नको ताई, मले साखर चालत नाही." आणि त्यांनी समोरच्या काजूकतलीवरचा वर्ख नखानं खरवडला, ताटाच्या कडेला पुसला आणि कतली खाऊन टाकली. मग शेजारच्यानं खरवडला. मग ओळीनं सगळ्यांनी. ताटांच्या कडा चांदीनं चमकत होत्या.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. आतडं नखानं निघते. आपला हात नाही निघत त्याइच्यानं."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. "ताई, तो मशीनचा वर्ख कुठून घेता? पत्ता द्या. पुढच्या वर्षी आपल्या आचाऱ्याले तोच आणायले सांगतो."

"देते की काकाजी," मी म्हणलं. "कारखान्यात या, खुर्चीवर बसा, माझ्या हातचा एक लाडू खा. मग पत्ता देते."

"येतो, येतो," ते म्हणाले.

आजी दर आठवड्याला येतात, लाडू खातात, पाण्याचं फडकं पाहतात. अध्यक्षांची खुर्ची मी पुसून ठेवली आहे. अजून आले नाहीत.