पेन्सिलीची रेघ

सून आपल्याला दुकानातून उठवायच्या खटपटीत आहे, याबद्दल अण्णांच्या मनात तीळभर शंका उरली नव्हती. चित्रांच्या सामानाच्या त्या दुकानात, मागच्या टेबलाशी उभं राहून चाळीस वर्षं त्यांनी लाकडी चौकटींवर कॅनव्हास ताणला होता. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग पकडीने ओढत ओढत कोपऱ्यांपर्यंत. कोपऱ्याची घडी पाकिटासारखी सपाट आणि नेहमी वरच्या-खालच्या कडेला. शेजारून बघणाऱ्याला ती दिसताच कामा नये. आणि ही बया दोन वर्षांपूर्वी गल्ल्यावर बसायला आली, ती हळूच स्टेपलगनपर्यंत पोचली.

अण्णा दुपारची डुलकी काढून उठले की सकाळच्या चौकटीवर पिनांची रिकामी भोकं दिसत. कुणीतरी पिना उपटून नव्या मारलेल्या. काम बिघडवायचं, गिऱ्हाइकाने तक्रार करायची, मग मुलगा म्हणणार, आता घरी आराम करा. पण अण्णाही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी एका चौकटीच्या पाठीमागे बारीक रेघ मारली, अर्धी कापडावर, अर्धी लाकडावर. डुलकीनंतर पाहतात तर कापडावरची रेघ चांगली गव्हाच्या दाण्याएवढी आत सरकलेली. घडीही बोजड. चोर सापडला.

एका नेहमीच्या चित्रकार बाईंची मोठी चौकट अण्णांनी ताणून होताच मुद्दाम कपाटात कुलूपबंद करून ठेवली आणि किल्ली कनवटीला लावली. बाई आल्या तेव्हा सुनेकडे एक तिरका कटाक्ष टाकून स्वतःच्या हाताने ती बाहेर काढली.

बाईंनी कापडावर टिचकी मारली. ढप. चौकट उलटी करून, सैल कापड ताणायला आतल्या कोपऱ्यांत ठोकतात त्या पाचरी त्यांनी पाहिल्या. आठही पाचरी शेवटपर्यंत ठोकलेल्या, सांधे उघडे पडलेले, तरी कापड सैलच.

"अण्णा, हे तुमच्या हातचं नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं कसं टणटणीत असतं. गेल्या महिन्यातलंच बघा ना."

गेल्या महिन्यातलं. रिकाम्या भोकांचं. अण्णांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. सकाळी पकड दाबताना तो थरथरला होता, आणि दोष त्यांनी पकडीला दिला होता.

"माझं आहे ते," सून पटकन म्हणाली. "शिकतेय अजून. उद्या नीट करून देते."

बाई गेल्या. सून पिना उपटू लागली. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं ज्या पोरीवर पाळत ठेवली, ती त्यांचंच नाव सांभाळत बसली होती.

त्यांनी पकड उचलली आणि तिच्यापुढे धरली.

"तू ओढ," ते म्हणाले. "कोपरे मी घालतो. घड्या तुला अजून येत नाहीत."