आत्याचं टोकन आणि माझं तोंड

माझी आत्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते आणि वाढतेही. हातात डाव असला की ती कोणाचंच ऐकत नाही. कोणी मधे घुसलं तर मान वर न करता म्हणते, "मागे जा, भात पळून जात नाही." मला हे वाक्य तिच्याच आवाजात हुबेहूब म्हणता येतं. घरात सगळ्यांचे आवाज मी काढते. याचं कौतुक फक्त मलाच आहे. आत्या मला 'रेडिओ' म्हणते, आणि त्यातही तिचा भर बटण बंद करण्यावर असतो.

इतकी वर्षं कंत्राटावर राबल्यावर तिला कायम करायचं ठरलं. अट एकच, सोमवारपर्यंत जन्माचा दाखला हवा. तिच्याकडे दाखला होता, पण जुना. आजोबांनी कधीतरी कौतुकाने तो प्लॅस्टिकमध्ये चिकटवून घेतलेला. कँटीनच्या ऑफिसातले बाबू म्हणाले, "शिक्का नीट दिसत नाही, नवीन प्रत आणा." ही झाली गुरुवारची गोष्ट. शुक्रवारी मला सुट्टी होती, म्हणून आत्याने मला बरोबर घेतलं. "तू शिकलेली आहेस, फॉर्म भर," म्हणाली. मी मान ताठ केली.

ती ताठ मान नोंदणी कार्यालयाच्या दारातच वाकली. दाराशी टोकनचं मशीन होतं आणि शेजारी एक रखवालदार. त्याने काही सांगायच्या आत मी ऐटीत बटण दाबलं आणि चिठ्ठी ओढली.

"मालमत्ता कर," त्याने वाचलं. "घर घेतलंत वाटतं?"

"नाही हो, जन्माचा दाखला."

"मग जन्माचं बटण दाबा की. इथे वर लिहिलंय." बाकावरचे दोघं हसले. मी दुसरं बटण दाबलं. ब बावन्न.

भिंतीवर पाटी होती: अर्ज दहा ते एक, दाखले तीन ते पाच, नवीन टोकन बारापर्यंतच. मी आत्याला वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "मला वाचता येतं गं." येतं, हे मी विसरले होते.

दाराबाहेर झाडाखाली एक माणूस छोटं टेबल टाकून बसला होता. आम्ही आत येताना तो म्हणाला होता, "ताई, कशाला रांगेत पाय मोडता? आत साहेब ओळखीचे आहेत."

"ओळखीचे आहेत तर त्यांना सांगा, मी आलेय," आत्या म्हणाली आणि पुढे गेली.

आत आमचं बस्तान बसलं ते एका खांबामागे. पंखा तिथेच होता म्हणून. तिथून आकड्यांचा बोर्ड दिसत नव्हता, पण काळजी कसली? आवाज होता ना! आणि काय आवाज! यंत्रातली बाई प्रत्येक शब्द वेगळ्या ताटात वाढत होती: "टोकन क्रमांक... ब... सदतीस... खिडकी क्रमांक... तीन." मधे एकेक थंडगार पोकळी. मला गुदगुल्याच झाल्या.

मी आधी हळूच म्हणून पाहिलं. मग जरा मोठ्याने. "टोकन क्रमांक... ब... चाळीस... खिडकी क्रमांक... तीन." पुढच्या बाकावरचे प्लॅस्टर घातलेले काका ताडकन उठले, फाइल बगलेत मारून खिडकीपर्यंत गेले आणि तिथून हात हलवत परत आले. मी चेहरा इतका निरागस केला की मलाच माझी दया आली.

मग आत्याची पाळी. "टोकन क्रमांक... ब... बावन्न..." ती पदर सावरून तरातरा निघाली. खिडकीतल्या बाईंनी तिला बोर्ड दाखवून परत पाठवलं. आल्यावर तिने माझ्या मांडीला चिमटा काढला. "रेडिओ, आता बंद हो." मी बंद झाले का? दोन वेळा आणखी बावन्न म्हटलं. कला अशी सहज थांबत नाही. निदान माझी तरी.

पहाटे उठून भाज्या चिरून आलेली आत्या खांबाला डोकं टेकून डोळे मिटून बसली. मला तहान लागली. बाटली तोंडाला लावली, मोठा घोट घेतला आणि यंत्रातल्या बाई म्हणाल्या, "टोकन क्रमांक... ब... बावन्न... खिडकी क्रमांक... तीन."

आत्या डोळे न उघडता म्हणाली, "आता बास हं."

माझ्या तोंडात पाणी होतं. मी तिचा दंड हलवला. "बास म्हटलं ना! घरी चल, बापाला सांगते." मी हातवारे केले, तेही तिला न दिसणारे. पाणी चुकीच्या नळीत गेलं, मी खोकू लागले, तिने माझ्या पाठीत धपाटे घातले. तेवढ्यात आवाज आला: "ब... त्रेपन्न."

आम्ही धावलो. खिडकीत त्रेपन्नवाले गृहस्थ कागद सरकवत होते.

"बावन्न पुकारलं. कोणी आलं नाही," बाई म्हणाल्या. "यांचं चालू द्या, बाजूला व्हा."

बारा वाजून गेले होते. नवीन टोकन बंद. आज अर्ज गेला नाही तर शनिवार-रविवार सुट्टी, आणि सोमवारी ऑफिसचे बाबू मान हलवणार. आत्या हातातलं टोकन उलटसुलट करून पाहत होती.

झाडाखालचा माणूस कधी आत आला कोण जाणे. "टोकन गेलं ना? आता काही होत नाही. वर प्रतिज्ञापत्र लागतं, दोन साक्षीदार लागतात. जुना दाखला द्या इकडे, पाचच्या आत आणून देतो." त्याचा आवाज अगदी डॉक्टरसारखा धीराचा होता. आवाजांची एवढी जाणकार मी, विरघळले. पिशवीतून दाखला काढून त्याच्यासमोर धरलासुद्धा!

आत्याने तो वरच्या वर हिसकावला. "कोणाला विचारून देतेस? कागद हातातून गेला की याच्या मागे आपण फिरायचं." मग त्याच्याकडे वळून, डाव नसतानाही डाव असल्यासारखी, "मागे व्हा."

तो गेला. तिने सरळ चौकशीची खिडकी गाठली. तिथल्या काकांना म्हणाली, "नंबर पुकारला तेव्हा आम्ही इथेच होतो. ही पोरगी तुमच्या यंत्राची नक्कल करत होती. मला वाटलं हीच."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मगाशी चाळीसला उठवलं ती हीच का?"

"हीच."

ते हसले नाहीत, हे जास्त लागलं. टोकनवर सही केली. "चुकलेले नंबर एकच्या आधी परत घेतात. खिडकीसमोर बसा. आणि हिच्या तोंडाला कुलूप लावा."

"प्रतिज्ञापत्र?" मी कुजबुजले.

"नोंद आहे ना रजिस्टरला? प्रत घ्यायला कशाला? फॉर्म, ओळखपत्राची झेरॉक्स आणि फी. पावती मात्र सोडू नका."

आम्ही पहिल्या बाकावर, बोर्डाच्या अगदी नाकासमोर बसलो. मी फॉर्म भरला आणि नोंदणी क्रमांक जुन्या दाखल्यावरून उतरवला. आत्याने तो आकडा आकडा लावून दोनदा तपासला. 'शिकलेली' मी नुसतं पेनाचं टोपण धरून बसले. एकला थोडा अवकाश असताना खिडकीतल्या बाईंनी चुकलेल्यांना बोलावलं. अर्ज, फी, पावती. एवढंच. ज्यासाठी मी दाखला परक्याला देणार होते, ते काम शेंगा सोलण्याइतक्या वेळात झालं.

तीनला दाखले वाटायला सुरुवात झाली. आत्याने खिडकीतच उभं राहून नाव, तारीख, आईचं नाव, शिक्का सगळं वाचलं. मागचा माणूस "चला की हो" म्हणाला, तरी ती हलली नाही. चूक निघाली तर इथेच सांगता येते, हे तिला कोणी सांगितलं होतं देव जाणे. चूक नव्हती. तिने रजिस्टरवर सही केली. दाखला मला धरायला दिला नाही.

सोमवारी ती तो घेऊन कामावर गेली. संध्याकाळी मी तिला दारातच गाठलं.

"दिलास? घेतला त्यांनी?"

"घेतला. पुढच्या महिन्यापासून कायम."

मी उडी मारली. ती पाय चेपत बसली.

"अगं, आनंद तरी कर!"

"केला," ती म्हणाली. "उद्या सातला पोचायचंय. चिरायचे कांदे तेवढेच आहेत."