कॉइल कुठून निघाली

मार्चमध्ये प्रिलिमचे पेपर तपासायचे, म्हणजे दुपारभर प्रयोगशाळेत बसायचं. गावात वीज संध्याकाळी यायची. दिवसा पंखा नुसताच वर लटकलेला असे, आणि त्याच्याखाली बसून मी डायनॅमोवरची उत्तरं तपासत होते. कॉलेज नवं होतं. फिजिक्सला आम्ही दोघंच होतो, सर आणि मी. सर शिकवत, पेपर काढत. माझ्याकडे प्रॅक्टिकलं होती आणि पेपरांची पहिली तपासणी.

माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. त्यामुळं स्टाफरूममध्ये मी कमी बोले. माझं मराठी पुस्तकी आहे, असं कुणी तोंडावर म्हणत नसे, पण मी बोलले की समोरचे जरा हळू बोलायला लागत. सर हैदराबादला उर्दूतून शिकलेले होते. ते तिन्ही भाषा एकाच वाक्यात घालत आणि त्यांना कुणी हसत नसे.

त्या पेपरात एक गणित होतं. वीस बाय दहा सेंटिमीटरची आयताकृती कॉइल, शंभर वेढे, पाचशे गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात मिनिटाला अठराशे फेरे घेते. तिच्यात जास्तीत जास्त ई. एम. एफ., म्हणजे विद्युतदाब, किती, आणि सेकंदाच्या तीनशेसाठाव्या भागानंतर किती? पहिल्या भागाचं उत्तर १८.८५ व्होल्ट. शेवटी दहाचा उणे आठवा घात लावायला बरेचजण विसरले होते. त्यांची उत्तरं कोट्यवधी व्होल्टांत गेली होती आणि त्यांनी ती शांतपणे अधोरेखित केली होती. दुसऱ्या भागात तेवढ्या वेळात कॉइल तीस अंश फिरते. तीसचा साइन अर्धा. उत्तर ९.४२. सरांच्या नमुना उत्तरात तेच होतं.

एका मुलीचं उत्तर आलं होतं १६.३२.

मी काट मारली, त्या भागाला चारपैकी शून्य दिलं आणि बेरीज केली. मुलगी तीन गुणांनी नापास होत होती. आमच्याकडे प्रिलिममध्ये नापास झालेल्यांना युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसू देत नसत. ही ईट नावाच्या गावची, इथं मावशीकडे राहून शिकणारी. वर्गात मुली चारच. वडील तिकडे ईटला दुकान चालवत, आणि एकदा नापास झाली तर परत आणणार नाही हे त्यांनी प्रवेशाच्या वेळीच सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं.

मी परत पाहिलं ते दया म्हणून नाही. साइनच्या जागी कोसाइन घेणारी चूक मला ओळखीची होती, आणि या मुलीची बाकीच्या पायऱ्या इतक्या नीट होत्या की ती चूक तिथं शोभत नव्हती. वर तिनं पेन्सिलीनं लहान आकृती काढली होती. डावीकडे उत्तर ध्रुव, उजवीकडे दक्षिण, मध्ये कॉइल आडवी, चुंबकीय रेषांना समांतर. आणि खाली लोंबणारा दांडा.

तो दांडा प्रयोगशाळेतल्या आमच्या डायनॅमोच्या मॉडेलचा होता. गावातल्या सुताराकडून करून घेतलेली चौकट, तांब्याची तार, दोन मोठी चुंबकं आणि फिरवायचा लोखंडी दांडा. दांडा जड असल्यामुळं सोडला की तो खाली लोंबे, आणि तो लोंबला की कॉइल आडवी होई. माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचची मुलं तिथूनच फिरवायला सुरुवात करत. पुस्तकातली कॉइल मात्र उभी, ध्रुवांकडे तोंड करून असते आणि तिथून कोन मोजतात. प्रश्नात सुरुवात कुठून, हे लिहिलेलंच नव्हतं. सरांच्या वर्गात ते कधी लिहायची गरज पडली नव्हती.

उठायला मला बराच वेळ लागला. सर शेजारच्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून पडले होते.

"सर, एक पेपर होता."

"एकच?" डोकं न उचलता ते म्हणाले. "मला वाटलं अजून गठ्ठा असेल."

मी पेपर पुढं केला. त्यांनी चष्मा लावला.

"सोळा? हे काय, कोसाइन लावलाय. गलत आहे."

"आकृतीत कॉइल आडवी आहे, सर. तिथून मोजलं तर कोसाइनच येतो."

"तिथून कशाला मोजायचं? मी हमेशा उभीपासून शिकवतो."

"प्रश्नात तसं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, चपला शोधल्या आणि प्रयोगशाळेत आले. मॉडेलचा दांडा त्यांनी हातानं सोडून पाहिला. तो खाली गेला, कॉइल आडवी झाली. त्यांनी तारा गॅल्व्हानोमीटरला जोडल्या आणि दांडा हलवला. काटा लगेच बाजूला उडाला. फिरवत नेलं तसा तो परत येत गेला, कॉइल उभी झाली तेव्हा शून्यावर आला, आणि तिथून पुढं उलट्या बाजूला गेला.

"आडवी असते तेव्हा तिच्यातून एकही रेषा जात नाही," ते स्वतःशीच म्हणाले, "पण बाजू रेषा सर्वांत जोरात कापतात. म्हणून सगळ्यात जास्त तिथंच. हे मीच शिकवलंय." त्यांनी अजून एकदा फिरवलं. "आणि हिचं घड्याळ तिथंच सुरू झालं. सवाल अधुरा आहे, बाई."

"मग चार द्यायचे?"

"तीन द्या. सुरुवात कुठून ती शब्दांत लिहिली नाही, त्याचा एक कापा."

"पास होते मग. काठावर."

"एकीला दिले तर सगळ्यांना द्यावे लागतील. तुमच्या बॅचचे अजून असतील असे. गठ्ठा परत बघा." आणि दारातून, जरा मऊ आवाजात, "चहा सांगू का?"

गठ्ठा मी परत पाहिला. कोसाइन लावणारी अजून काही मुलं निघाली, पण आकृती कुणाचीच नव्हती. त्यांनी नुसतं सूत्र चुकवलं होतं की आडवीपासून मोजलं होतं, हे सांगता येईना. सरांनी प्रत्येकाला दोन दिले आणि पुन्हा डोकं टेबलावर ठेवलं.

शनिवारी वडील तिला रविवारपुरतं घरी न्यायला आले. मुलगी थोडी मागं उभी राहिली.

"बाई, पोरगी पास झाली म्हनत्यात. तुमी काय दया तर केली न्हाय ना? तसं असंल तर सांगा. मी कायमचीच घिऊन जातो."

"दया नाही. प्रश्न अर्धा होता. तिनं तो तिच्या बाजूनं पुरा केला."

"अर्धा कसा?"

मी सांगू लागले, पण मराठी शब्द वेळेवर येईनात. मुलीनंच सांगितलं. "आप्पा, कुठून मोजायचं त्येच लिहिलं नव्हतं." वडील माझ्याकडे वळले.

"मग मोठ्या परीक्षेत बी अर्धा आला तर? तिथं तुमी असनार का?"

त्यांचं बरोबर होतं. तिथं आकृती कुणी निरखून पाहील याची खात्री नव्हती. मी तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि कोरा कागद दिला. वेळ मोजायला सुरुवात होते तेव्हा कॉइलचं प्रतल क्षेत्राला समांतर आहे, हे वाक्य पेपरात इंग्रजीतच लिहावं लागणार होतं, आणि तिला गणित येत होतं पण ते वाक्य येत नव्हतं. मी ते तिला सांगितलं. तिनं लिहिलं. मग कॉइल उभी असेल तर कसं लिहायचं ते सांगितलं, तेही लिहिलं.

"आता न बघता," मी म्हणाले.

तिनं कागद पालथा घातला. बाहेर वडील पायरीवर टेकले, टोपी काढून त्या टोपीनंच वारा घेऊ लागले.