दोनशे चाळीस अंश

गणिताच्या बाईंना शाळेत सगळे लहरबाई म्हणत. sin आणि cos ची बेरीज फळ्यावर आली की त्या म्हणायच्या, "दोन लाटा कशाला सांभाळता? एक करा!" पोरांनी तेवढंच धरलं. शिवाय बाईंचा स्वभावही थोडा लहरी, त्यामुळे नाव चपखल बसलं.

निवृत्तीनंतर धाकटी बहीण सोबतीला होती. गेल्या वर्षी तीही गेली. घरात बोलायला उरला रेडिओ, आणि तो कुणाचं ऐकत नाही. म्हणून उत्तरपत्रिका तपासायचं बोलावणं आलं की बाई आठ दिवस आधीच लाल पेनं आणून ठेवत. एका हॉलमध्ये चाळीस माणसं, चहा, कुरकुर, हशा. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम नऊ वर्षं त्यांच्याबरोबर डबा खात होत्या. बाईंना वर्षभरात एवढीच काय ती पंगत.

यंदा प्रश्न होता: √३ sin x + cos x = १ सोडवा, x शून्यापासून तीनशे साठच्या आत. छापील नमुना उत्तरात तीन उत्तरं होती: ०, १२० आणि २४० अंश. प्रत्येकाला एक गुण. पहिल्या दिवशी बाईंचं मन थाऱ्यावर नव्हतं. नमुना समोर ठेवून त्यांनी साठेक पेपर सपासप तपासले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पेपर आला. अक्षर बारीक, खाडाखोड नाही. लिहिणाऱ्याने √३ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज चार, तिचं मूळ दोन, असं काढून डावी बाजू २ sin (x + ३०°) अशी एकच लाट केली होती. मग तो sin अर्धा झाला पाहिजे, म्हणून x + ३०° हा कोन तीस किंवा दीडशे. उत्तरं दोनच: ० आणि १२०. खाली पुढचा उपप्रश्न, डाव्या बाजूची कमाल किंमत: दोन, x साठ अंश असताना.

बाईंचं पेन एक गुण कापायला टेकलं आणि थांबलं. त्यांनी कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात २४० घालून पाहिलं. तीस मिळवले की दोनशे सत्तर, तिथे sin वजा एक, म्हणजे डावी बाजू वजा दोन. लाट जिथे तळाला टेकते तिथेच नमुन्याने उत्तर दाखवलं होतं! नमुना करणाऱ्याने cos पलीकडे नेऊन दोन्ही बाजूंचा वर्ग केला होता, आणि वर्गातून घुसलेला आगंतुक पारखलाच नव्हता.

काल किती जणांचे गुण त्यांनी स्वतःच्या हाताने कापले होते!

प्रमुख परीक्षक सरांनी कागद दोनदा पाहिला. "बाई, बरोबर आहे तुमचं. पण अठराशे पेपर झालेत. एका गुणाचा तर प्रश्न."

"ज्याचा कापलाय त्याला विचारा, सर."

सरांनी उठून हॉलमध्ये जाहीर केलं: सगळे गठ्ठे पुन्हा उघडायचे. दोन उत्तरांना पूर्ण गुण, २४० लिहिलं असेल तर एक वजा. दोन दिवस वाढले.

हॉल खवळला. कुणाचं गाडीचं तिकीट, कुणाचा दवाखाना. शेजारच्या मॅडमच्या नातवाचा पहिला वाढदिवस परवावर आला होता.

"तुम्हाला बरं आहे," त्या डबा बंद करत म्हणाल्या. "घरी वाट बघणारं कोणी नाही. आम्हाला आहे ना."

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. त्यात खोटं काय होतं?

दुपारी मॅडम पलीकडच्या टेबलावर जेवायला बसल्या. बाईंनी खिडकीकडे तोंड करून दोन घास खाल्ले आणि आपला पहिला गठ्ठा सोडला. एकेका पेपरवर दोन खोडून तीन लिहिताना त्या शेजारी सही करत होत्या. काहींचे तीनाचे दोन झाले, तेव्हा हात जड झाला, पण केले. बारीक अक्षराच्या पेपराला त्यांनी दोन्ही उपप्रश्नांचे पूर्ण गुण दिले. तो कुणाचा हे कळायची सोय नव्हती.

शेवटच्या दिवशी निघताना त्या मॅडमना म्हणाल्या, "नातवाला माझे आशीर्वाद सांगा."

"सांगते," मॅडम म्हणाल्या, आणि पिशवीची चेन लावत राहिल्या.

पुढच्या वर्षी मंडळाचं पत्र आलं. बाईंची नजर इतकी चोख, की यंदापासून नमुना उत्तरं त्यांनीच तपासून द्यावीत. काम घरबसल्या, हॉलवर यायची गरज नाही.

मान मोठा होता. बाईंनी होकार कळवला, टेबलावरचा रेडिओ बाजूला सरकवला, आणि पहिल्या गणिताचं पहिलं उत्तर समीकरणात घालून पाहायला बसल्या.